पावसाळ्यात आईस्क्रीमचं नाव टिकवायचं तर आधी दुकानातला फ्रीझर चालू ठेवा

प्रश्न : आमची सातारा जिल्ह्यात छोटी आईस्क्रीम कंपनी आहे. दुकानांत आमचे १८० डीप फ्रीझर आहेत. मार्च ते मे छान जातं, पण पाऊस लागला की दुकानदार फ्रीझर बंद करतात. फेब्रुवारीत परत जावं तर काही ठिकाणी दुसऱ्याच कंपनीचा फ्रीझर उभा असतो. गिऱ्हाइकही नाव विसरतं. पावसाळ्यात होर्डिंग आणि इन्स्टाग्रामवर खर्च करावा का? ब्रँड लोकांच्या लक्षात कसा ठेवायचा?

उत्तर :

होर्डिंगवर करू नका. तो पैसा दुकानदाराच्या लाइट बिलात घाला. इन्स्टाग्राम चालू ठेवा, पण त्यासाठी वेगळं बजेट काढू नका. कारण सांगतो.

आईस्क्रीम ही ठरवून घ्यायची वस्तू फार थोड्यांसाठी आहे. बहुतेक माणसं वर्षातून मोजक्या वेळा घेतात, आणि समोर फ्रीझर दिसला म्हणून घेतात. तुमच्या आकाराच्या कंपनीचं नाव लोकांना आठवतं ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या पायरीशी उभ्या असलेल्या त्या फ्रीझरमुळे. तो बंद पडला, त्याच्यावर चिप्सच्या माळा आणि अंड्यांचे ट्रे आले, की गल्लीपुरता तुमचा ब्रँड बंद. मग एस. टी. स्टँडसमोर कितीही मोठं होर्डिंग लावा. ते वाचून कुणाला इच्छा झालीच, तर गल्लीतल्या दुकानात माल नाही.

दुकानदार फ्रीझर बंद का करतो, हे त्याच्या बाजूने मांडून पाहा. काचेच्या झाकणाचा मध्यम आकाराचा फ्रीझर दिवसाला साधारण ४ युनिट घेतो असं धरू, म्हणजे महिन्याला १२०. दुकानाचा वीजदर बिलातले सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पडला तर १,४४० रुपये झाले. त्याला छापील किमतीवर २० टक्के सुटतात असं समजू. म्हणजे ७,२०० रुपयांचा माल विकला तर कुठे विजेचे पैसे निघतात. मे महिन्यात तेच दुकान ३०,००० रुपयांचा माल काढतं, ६,००० हातात येतात, तेव्हा त्याला बिल दिसतही नाही. जुलैमध्ये विक्री ५,००० वर येते, हातात १,००० पडतात आणि ४४० खिशातून जातात. त्याने बटण बंद केलं तर तो शहाणपणाच करतोय. सेल्समन त्याला ‘चालू ठेवा हो, आपलं नातं आहे’ म्हणून गळ घालतो. नात्याखातर तो एखादा महिना काढेल, पण गणित बदलल्याशिवाय पुढे नेणार नाही. हे आकडे तुमच्याकडच्या दराने आणि फ्रीझरच्या मापाने बदलून घ्या, पण प्रत्येक दुकानासाठी हा हिशोब कागदावर मांडाच.

आता सगळ्या १८० फ्रीझरना मदत द्यायची म्हटलं तर तुम्हीच बुडाल. त्यांचे तीन भाग करा, आणि ते मे महिन्यातच, पाऊस यायच्या आधी. पहिल्या भागात अशी दुकानं घ्या की जिथे रात्री जेवणानंतर लोक येतात, जवळ दवाखाना, मंगल कार्यालय किंवा सोसायट्या आहेत, आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. मे महिन्यात सर्वांत जास्त विकणारं दुकान या यादीत असेलच असं नाही. शाळेसमोरचं दुकान उन्हाळ्यात कँडीवर धावतं आणि जुलैत थंड होतं. कॉलनीतला डेअरीवाला उन्हाळ्यात मधला असतो, पण पावसाळ्यात टिकतो. गेल्या वर्षीची जून-जुलैची बिलं काढा, म्हणजे नावं आपोआप समोर येतील.

समजा अशी ६० दुकानं निघाली. त्यांना जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत महिन्याला ६०० रुपये द्या, पण मालाच्या रूपात. हा माल ५,००० च्या विक्रीशिवाय वेगळा विकला गेला, तर वरच्या उदाहरणातला दुकानदार ४४० च्या तोट्यातून १६० च्या फायद्यात येतो. रक्कम छोटी आहे, पण बटण बंद करायचं कारण गेलं. चार महिन्यांचे छापील किमतीने १,४४,००० होतात. तुम्हाला मात्र तो माल कारखान्याच्या खर्चात पडतो. तालुक्याच्या गावात बऱ्या जागेचं एक होर्डिंग चार महिने ठेवायचं तर भाडं, फ्लेक्स आणि वाऱ्याने फाटला की पुन्हा फ्लेक्स, असं करत खर्च याच घरात जातो, आणि पावसात छत्री धरून चालणारा माणूस वर बघतच नाही. मदत रोख देऊ नका. रोख पैसे बिलात विरघळतात. माल दिला तर तो विकण्यासाठी फ्रीझर चालू ठेवावाच लागतो.

दुसऱ्या भागातले फ्रीझर बंद होणारच आहेत, पण ते तुम्ही स्वतः बंद करा. माल परत घ्या, आतला बर्फ उतरवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करा आणि झाकणात लाकडाची चीप अडकवून ते बोटभर उघडं ठेवा. झाकण घट्ट लावून ठेवलेल्या फ्रीझरला आतून बुरशी येते आणि तो वास मार्चमधल्या पहिल्या मालाला लागतो. आईस्क्रीमची स्निग्धता वास पटकन ओढून घेते. शक्य असेल तर तो जागेवरच ठेवा, कारण बंद फ्रीझरही जागा अडवतो आणि त्याच्यावरचा तुमचा रंग दिसत राहतो. तिसऱ्या भागातले, म्हणजे जिथे विक्रीही नाही आणि मालकाला आस्थाही नाही, ते उचलून गोडाऊनला आणा. गॅसकेट, कंप्रेसर, चाकं, स्टिकर सगळी कामं तेव्हाच होतात. फेब्रुवारीत मेकॅनिकला श्वास घ्यायला वेळ नसतो.

चालू ठेवलेल्या फ्रीझरमध्ये काय ठेवायचं हा पुढचा भाग, आणि इथे बऱ्याच कंपन्या उन्हाळ्याचाच माल थोडा कमी करून ठेवतात. पावसाळ्यात हातात धरून खायचा माल पडतो: कँडी, छोटे कोन, दहा रुपयांचे कप. आपल्याकडे ‘पावसात आईस्क्रीम खाऊ नको, सर्दी होईल’ हे प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते बदलायला जाहिरातीवर पैसा घालणं मला पटत नाही. आईने नाही म्हटलं की पोराचं चालत नाही. पण पाहुणे आले, वाढदिवस आला, राखीला भाऊ आला, गौरी-गणपतीला घर भरलं, की तीच आई स्वतः फॅमिली पॅक मागवते. त्या वेळी आईस्क्रीमला घरात परवानगी असते. म्हणून जुलै ते ऑक्टोबर फ्रीझरमध्ये सात-आठच प्रकार ठेवा आणि त्यांत फॅमिली पॅक, कसाटा आणि कुल्फी यांचं वजन जास्त असू द्या. कँडीचे खण सरळ रिकामे करा.

माल कमी झाला की फ्रीझर ओकाबोका दिसतो. रिकाम्या क्रेट उलट्या करून तळाला घाला आणि त्यांच्यावर माल लावा. मात्र आतल्या भिंतीवरच्या भरणरेषेच्या वर एकही पॅक जाऊ देऊ नका. त्या रेषेवर थंडी धरत नाही. आणि दुकानदार शेजारच्या खणात फ्रोझन मटार ठेवतो म्हणून भांडू नका. मटाराच्या विक्रीने त्याचं लाइट बिल निघत असेल तर तो तुमचाच फ्रीझर चालू ठेवतोय. त्याला एक खण ठरवून द्या आणि मासळी, चिकन, सोललेला लसूण मात्र अजिबात नको म्हणून सांगा, वासाच्याच कारणाने.

आता यातली खरी जोखीम. फ्रीझर चालू आहे असं तुम्ही समजता आणि दुकानदार रात्री दहाला शटर ओढताना मेन स्विच खाली करतो. सकाळी सातला पुन्हा चालू. पैसे वाचतात, माल वितळून वाहत नाही, त्यामुळे त्याला त्यात काही वाईट वाटत नाही. पण आईस्क्रीम उणे १८ वर ठेवायची वस्तू आहे. ती रोज रात्री थोडी मऊ पडून सकाळी परत घट्ट झाली की आतले बारीक बर्फकण एकमेकांत मिसळून मोठे होतात, हवा निघून जाते, आणि दोन-तीन आठवड्यांत कप दाताखाली करकरतो. पावसाळ्यात वादळाने वीज जाते तेव्हाही हेच होतं. गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावत नाही. ‘या कंपनीचं आईस्क्रीम बर्फासारखं असतं’ म्हणतं आणि हे वाक्य पुढचा अख्खा उन्हाळा चालतं. बंद फ्रीझरने जेवढं नुकसान होत नाही तेवढं अर्धवट चालू फ्रीझरने होतं, म्हणून मदत देताना रात्री फ्रीझर बंद करायचा नाही ही अट पहिली घाला.

ते ओळखायचं कसं? सेल्समनला शिकवा की प्रत्येक फेरीत तळातला एक जुना कप उघडून बघायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला बर्फाची भुकटी आहे का, आईस्क्रीम कपाच्या कडेपासून सुटून आत बसलं आहे का, वरचा थर चकचकीत आणि चिकट दिसतो का. यातल्या दोन गोष्टी दिसल्या तर ते तापमान वरखाली झाल्याचं लक्षण. शिवाय एका छोट्या कपात पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा आणि तो कप कोपऱ्यात ठेवून द्या. पुढच्या फेरीत नाणं तळाला गेलेलं दिसलं तर तो फ्रीझर बराच वेळ बंद होता. याला मर्यादा आहे: पाणी वितळायच्या कितीतरी आधी आईस्क्रीम मऊ पडतं, त्यामुळे नाणं जागेवर असलं म्हणजे सगळं ठीक असं नाही. मोठी दुकानं असतील तिथे तापमान नोंदवणारं छोटं यंत्र आळीपाळीने आठ-आठ दिवस ठेवलं तर रात्रीचा उतार आलेखात सरळ दिसतो. खराब निघालेला माल वाद न घालता उचला आणि त्या दुकानाची मदत त्या महिन्यापासून थांबवा.

एवढं झालं की नाव टिकायची जागा तयार झाली. आता लोकांनी त्या फ्रीझरकडे वळावं यासाठी कारण हवं, आणि आपल्या भागात ते कारण शेतातून येतं. आंबा उन्हाळ्यात सगळेच विकतात. पण जांभूळ जून-जुलैत येतं, सीताफळ नवरात्राच्या आगेमागे भरात असतं आणि दिवाळीपर्यंत पुरतं, स्ट्रॉबेरी तर तुमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीला हिवाळ्यात सुरू होते. म्हणजे आईस्क्रीमचे पडते महिने हे नेमके फळांचे चढते महिने आहेत. मुंबईच्या नॅचरल्सने १९८४ मध्ये जुहूला सुरुवात केली तेव्हापासून आपलं नाव फळांच्या गरावरच उभं केलं आणि सीताफळ हा त्यांच्या पहिल्या मोजक्या स्वादांपैकी एक होता. फळाची चव असली की ‘थंड’ हा मुद्दा मागे पडतो. लोक सीताफळ खायला येतात.

तुम्ही एकच फळ घ्या, आणि माझ्या मते ते सीताफळ. सासवडचा बाजार तुम्हाला जवळ आहे आणि हा माल मोठ्या कंपनीला सहज जमत नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवटपणा येतो. ५५ अंशांच्या पुढे तर नक्कीच जाणवतो. म्हणून दुधाचं मिक्स आधी पाश्चराइझ करा, चार अंशांपर्यंत थंड करून रात्रभर मुरू द्या, आणि गर सकाळी बॅच फ्रीझरमध्ये घालायच्या आधी थंडच मिसळा. गर नंतर तापणार नाही, म्हणजे फळ धुण्यापासून हातमोजे, सुऱ्या, भांडी यांपर्यंतची स्वच्छता हीच तुमची सुरक्षा. तिथे सूट नाही. सालीलगतचा थर खरवडून घेऊ नका, त्यात रवाळ खर असते आणि ती आईस्क्रीममध्ये वाळूसारखी लागते. गर हवेत काळा पडतो, तेव्हा थोडं ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून लगेच वापरा किंवा गोठवा. बिया-साल जाऊन हातात वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका गर येतो, त्यामुळे किलोचा भाव बघून हुरळू नका, गराचा भाव काढा.

आणि गर उरला तरी एप्रिलमध्ये सीताफळ विकायचा मोह आवरा. दिवाळीनंतर फळ संपलं की फ्रीझरवर ‘सीताफळ पुढच्या वर्षी’ अशी चिठ्ठी लावा. बाराही महिने मिळणारा स्वाद फ्रीझरमधल्या वीस नावांपैकी एक होऊन बसतो. ठरावीक आठवड्यांतच मिळणाऱ्या स्वादासाठी लोक ऑक्टोबरमध्ये ‘आलं का?’ म्हणून दुकानात डोकावतात. हा प्रश्न तुमच्या पडत्या महिन्यांत गिऱ्हाइकाच्या तोंडून यावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. इन्स्टाग्रामचं काम इथे येतं: पहिल्या खेपेचं फळ फोडताना, गर काढताना मोबाइलवर चित्रण करा आणि कोणत्या गावी कोणत्या दुकानात माल पोचला ते टाका. दुकानाचं नाव टाकलंत की तो दुकानदार स्वतःच ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावतो.

आता घरातल्या जागेबद्दल. तुमच्यासारखाच हंगामी धंदा असलेल्या छत्रीवाल्यांना एक गोष्ट फुकट मिळते: पाऊस संपला तरी छत्री दाराच्या मागे लटकलेली असते. केरळात आलप्पुळच्या पॉपी आणि जॉन्स या दोन्ही छत्री कंपन्या एकाच घराण्याच्या धंद्यातून निघाल्या. तिथे जूनच्या सुरुवातीला पाऊस आणि शाळा एकाच वेळी येतात, तेव्हा त्यांच्या जाहिरातींचा जोर त्याच्या आधीच्या आठवड्यांत असतो. मधल्या महिन्यांत नाव सांभाळायला वस्तू घरात असतेच. आईस्क्रीम खाऊन संपतं. पण आपल्या घरांत त्याचा डबा संपत नाही! धुऊन पुसून त्यात निवडलेली कोथिंबीर, ओला नारळ, इडलीची चटणी, शेजारी द्यायचा शिरा, सगळं जातं. कुठल्याही घराचा फ्रिज उघडा, आईस्क्रीमचा एक तरी डबा सापडेल. आणि तुमच्यासारख्या छोट्या कंपनीचा असला तर बहुधा कोरा पांढरा, कारण नाव होतं कागदाच्या पट्टीवर आणि ती पहिल्या धुण्यातच निघाली.

तेव्हा पावसाळ्यातल्या फॅमिली पॅकला पट्टी लावू नका, डब्यावरच छपाई करून घ्या. साच्यातच लेबल बसवलेले डबे सगळ्यांत टिकाऊ, पण त्यांची किमान ऑर्डर तुमच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. तसं असेल तर तयार डब्यावर स्क्रीन छपाई करा, एकाच रंगात, नाव मोठं आणि झाकणावर फोन नंबर. स्वादाचं नाव छापू नका, त्यासाठी छोटा स्टिकर पुरे. म्हणजे एकाच छपाईचे डबे सगळ्या स्वादांना चालतात. झाकण घट्ट बसणारं घ्या. सैल झाकणाचा डबा घरात ठेवला जात नाही, फेकला जातो. डब्यामागे दोन-तीन रुपये वाढले तरी मला तो जाहिरातीचाच खर्च वाटतो, कारण तो डबा रोज हाताळला जातो. बारशाला, वाढदिवसाला आईस्क्रीम हवं असलं की नंबर त्या झाकणावरून घेतला जातो. तुळशीच्या लग्नानंतर मोठ्या ऑर्डरी सुरू होतात, तिथे उलटी अडचण असते: केटरर मोठ्या बादलीतून काढून कोऱ्या वाटीत वाढतो आणि पाचशे माणसं तुमचं आईस्क्रीम खाऊन नाव न कळताच जातात. अशा ऑर्डरीबरोबर नाव छापलेल्या वाट्या तुमच्याकडूनच द्या, दर त्यात धरूनच सांगा.

ऑफ सीझनला सगळ्यांना वेळ असतो, आणि त्यातून एक वाईट सवय लागते. डिझायनर मोकळा, मालक मोकळा, मग दर पावसाळ्यात पॅकिंग बदलतं. माझ्या पाहण्यातल्या एका कंपनीने असंच निळं-पांढरं पॅकिंग बदलून काळं-सोनेरी केलं. दिसायला देखणं होतं. मार्चमध्ये गिऱ्हाईक फ्रीझरमध्ये बघून ‘ते नेहमीचं नाही का?’ विचारायचं आणि दुकानदार शेजारचा ब्रँड काढून द्यायचा. अमेरिकेत २००९ मध्ये ट्रॉपिकाना या रसाच्या मोठ्या ब्रँडने खोक्यावरचं संत्र्याचं ओळखीचं चित्र काढून टाकलं, विक्री घसरली आणि दोन महिन्यांच्या आतच जुनं खोकं परत आणावं लागलं. ती तर बारा महिने दिसणारी वस्तू होती. तुमची वस्तू लोकांच्या नजरेआड महिनोन्‌महिने जाते, म्हणजे परत आल्यावर ती पहिल्या नजरेत ओळखू येणं दुप्पट गरजेचं. रंग, अक्षरांचं वळण आणि फ्रीझरच्या कडेची पट्टी या तीन गोष्टी हात न लावता ठेवा. सीताफळाच्या डब्यालाही तोच रंग असू द्या.

तसंच सवलतीचं. विक्री पडली की ‘एकावर एक फुकट’ लावायची घाई होते. जुलैत सर्दीच्या भीतीने न घेणारा माणूस फुकट मिळतं म्हणून दोन घेत नाही. घेतात ते जे तसेही घेणार होते, आणि मार्चमध्ये त्यांना पूर्ण किंमत महाग वाटते. डीलर मात्र स्कीमचा माल भरून ठेवतो आणि सीझनला तोच जुना माल बाजारात येतो. वरच्या लाइट बिलाच्या मदतीने किंमत शाबूत राहते, हे मला तिचं मोठं वैशिष्ट्य वाटतं.

मधल्या महिन्यांत श्रीखंड, पनीर, दही सुरू करावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार मनात येतोच. लंडनचे वॉल्स मुळात खाटीक. उन्हाळ्यात सॉसेजचा खप पडायचा म्हणून १९२२ मध्ये त्यांनी आईस्क्रीम काढलं. नागपूरचं दिनशॉज दूधही विकतं, त्यामुळे ते नाव आईस्क्रीम नसतानाही घरात येतं. कल्पना चांगली आहे, पण तुमचे १८० फ्रीझर उणे तापमानाचे आहेत आणि दह्या-पनीराला चार अंशांचा फ्रिज, रोजची गाडी आणि थोड्या दिवसांत संपणारी मुदत सांभाळावी लागते. तो दुसरा धंदा आहे. दसरा आणि पाडव्याला आगाऊ ऑर्डर घेऊन श्रीखंड करा, तेवढं झेपेल.

माणसांचं एक सांगतो. जूनमध्ये सेल्समन कमी करायची पद्धत आहे. मग दुकानदाराला तुमचा माणूस थेट फेब्रुवारीत दिसतो, बिलबुक घेऊन. मधल्या काळात दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन बसून गेलेला असतो. तुमची जागा तिथेच जाते. तीन रूटचा एक रूट करा, एकच माणूस आणि एकच गाडी ठेवा, पण वार ठरवा. कोरेगावला गाडी गुरुवारी म्हणजे गुरुवारीच, पाऊस असो नसो, ऑर्डर असो नसो. बंद फ्रीझरच्या दुकानातही त्याने डोकावायचं, वर ठेवलेले खोके उतरवून फ्रीझर पुसायचा आणि निघायचं. दुकानदार जागा दुसऱ्याला देण्याआधी त्याला सांगतो.

या सगळ्याचा उपयोग झाला की नाही, हे पावसाळ्याच्या विक्रीवरून ठरवू नका. जुलै मेसारखा होणार नाही. मदत देताना पहिल्या भागातली सारख्या विक्रीची पाच-सहा दुकानं मुद्दाम मदतीशिवाय सोडा. मग पुढच्या मार्चचे पहिले पंधरा दिवस बघा: मदत दिलेल्या दुकानांची विक्री गेल्या मार्चच्या त्याच पंधरा दिवसांशी ताडा आणि सोडलेल्या दुकानांचीही ताडा. दोन्हींत फरक नसेल तर पुढच्या वर्षी मदत बंद करा, आग्रह धरू नका. दुसरी खूण म्हणजे फेब्रुवारीतली मालाची पहिली भरती स्कीम न मागता किती दुकानांनी घेतली. तिसरी, फोनवर ऑर्डर देणाऱ्याला ‘नंबर कुठून मिळाला’ हे विचारून वहीत टिपा. ‘डब्यावरून’ असं उत्तर वाढलं पाहिजे.

वेळापत्रक म्हणाल तर फ्रीझरची वाटणी मे महिन्यात, सीताफळाच्या व्यापाऱ्याशी बोलणी ऑगस्टमध्ये, आणि बंद फ्रीझर पुन्हा चालू करणं महाशिवरात्रीच्या आधी. डब्यांच्या छपाईला मात्र आत्ताच लागा. राखीच्या मालाला नवे डबे हवे असतील तर छापणाऱ्याकडे ऑर्डर मे अखेरपर्यंत गेली पाहिजे, कारण छपाईत रंगाचा नमुना एकदा तरी परत पाठवावा लागतो.